मीटर ब्रिजवर अनोळखी रेझिस्टन्स कसा काढायचा

पावसाळा संपून प्रॅक्टिकल सुरू झाले की फोंड्यापासून पेडण्यापर्यंत बारावीच्या पोरांचा एकच प्रश्न, "सर, काटा झिरोवर आला पण उत्तर चुकीचं येतंय." बहुतेक वेळा फॉर्म्युला बरोबरच असतो, घोळ वायरिंगमध्ये किंवा बॅलन्स पॉइंट वायरवर कुठे आला त्यात असतो.

आधी काटा झिरो म्हणजे काय ते बघू. सेलमधून निघालेला करंट दोन वाटांनी जातो, एक वाट अनोळखी X आणि रेझिस्टन्स बॉक्सचा R यांच्यातून, दुसरी 100 सेंमी लांब वायरमधून. X आणि R च्या मधल्या टर्मिनलवरून गॅल्व्हानोमीटर आणि पुढे जॉकी, ती वायरला कुठेही टेकवायची. जिथे काटा हलत नाही तिथे दोन्ही टोकांचं व्होल्टेज सारखं, म्हणजे X वर जेवढं व्होल्टेज पडतं तेवढंच वायरच्या डाव्या तुकड्यावर, आणि R वर पडतं तेवढं उजव्या तुकड्यावर. गॅल्व्हानोमीटरमधून करंटच जात नसल्यामुळे X आणि R मधला करंट एकच, वायरच्या दोन्ही तुकड्यांतलाही एकच, त्यामुळे भागाकार केला की दोन्ही करंट कटतात आणि उरतं ते हे (X डाव्या गॅपमध्ये, l डाव्या टोकापासून सेंमीमध्ये):

X = R × l / (100 − l)

यात सेलचं व्होल्टेज कुठेच नाही, त्यामुळे सेल थोडा उतरला तरी बॅलन्स पॉइंट हलत नाही, फक्त काटा मंद हलतो. गॅल्व्हानोमीटरही अचूक मोजणारा नको, झिरो नीट दाखवला की झालं.

आता जोडणी. आपल्याकडच्या दमट हवेत तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि तो पण रेझिस्टन्सच, म्हणून वायरची टोकं आणि टर्मिनल आधी पॉलिश पेपरने घासा. बॉक्समध्ये जो प्लग काढाल तेवढाच R सर्किटमध्ये येतो, बाकीचे पिळून घट्ट बसवा, सैल प्लग गुपचूप रेझिस्टन्स वाढवतो. X चा अंदाज नसेल तर 10 ओहमने सुरुवात करा.

की लावून जॉकी आधी डाव्या टोकाला, मग उजव्या टोकाला टेकवा, काटा दोन बाजूंना गेला पाहिजे. दोन्हीकडे एकाच बाजूला जात असेल तर X किंवा R च्या वाटेत कुठेतरी तुटलंय, आणि अजिबात हलत नसेल तर सेलची किंवा गॅल्व्हानोमीटरची वाट तपासा. हे न बघता नल पॉइंट शोधत बसू नका.

जॉकी वायरवर घासत नेऊ नका, उचलून टेकवायची, कारण घासलं की वायर तिथे बारीक होते आणि "सेंमीला सारखा रेझिस्टन्स" हा सगळा आधारच जातो. सुरुवातीला गॅल्व्हानोमीटरच्या सिरीजमध्ये मोठा रेझिस्टन्स ठेवा म्हणजे काटा आपटणार नाही, शेवटी तो काढून बारीक शोधा. झिरो सापडला की 2-3 मिमी इकडे तिकडे टेकवून बघा, काटा उलटसुलट बाजूला गेला तरच तो खरा झिरो, जॉकी नीट टेकली नसेल तरी काटा गप्पच बसतो. रीडिंग झालं की की काढून ठेवा, वायर उगाच तापते.

एक उदाहरण. R 10 ओहम ठेवला, झिरो 23.4 सेंमीवर आला, X = 10 × 23.4 / 76.6, म्हणजे साधारण 3.05. पण इथेच थांबू नका. बॅलन्स 50 च्या आसपास असताना 1 मिमीची चूक उत्तरात 0.4 टक्के फरक करते, तीच चूक 10 सेंमीवर 1.1 टक्के. म्हणून आता R 3 ओहम करा. झिरो 50.3 ला, X = 3 × 50.3 / 49.7 = 3.04. मग X आणि R ची गॅप अदलाबदल करा. झिरो 49.5 ला आला, X आता उजवीकडे असल्यामुळे X = 3 × 50.5 / 49.5 = 3.06. सरासरी 3.05 ओहम.

अदलाबदल हा जर्नल भरायचा सोपस्कार नाही. वायर पट्टीला जोडली आहे तिथला थोडा रेझिस्टन्स आणि स्केलचा झिरो सरकलेला असणं, या गोष्टी एकदा उत्तर वाढवतात आणि अदलाबदल केल्यावर कमी करतात, त्यामुळे सरासरीत त्या बऱ्याचशा जातात. दोन उत्तरांत फरक मोठा असेल तर वायरची टोकं परत घासा. X 1 ओहमपेक्षा बराच कमी असेल तर मात्र या ब्रिजच्या नादी लागू नका, जोडणीच्या तारांचा रेझिस्टन्सच त्याच्या जवळपास जातो, त्यासाठी केल्व्हिन ब्रिज वेगळा असतो.