हात स्टिअरिंगवर असूनही गाडी ‘हात ठेवा’ का म्हणते?

वडोदऱ्याहून अहमदाबादला एक्सप्रेसवेने जाताना दादाने गाडीला आपोआप लेनमध्ये ठेवणारा लेन असिस्ट लावला होता. रस्ता सरळसोट, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तरी पडद्यावर हातांचं चित्र आलं आणि बीप वाजला. त्याने स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. बीप थांबेना.

कारण बऱ्याच गाड्या स्पर्श मोजत नाहीत, स्टिअरिंगला मिळणारा पीळ मोजतात. सरळ रस्त्यावर हात नुसते टेकलेले असले की पीळ शून्य, म्हणजे गाडीच्या लेखी हात नाहीतच. मी म्हटलं, “दादा, एका बाजूला किंचित जोर दे, वळवू नकोस.” इशारा लगेच गेला. एका हाताचा भार खालच्या बाजूला सोडून बसलं, तर तो सहसा येतच नाही. काही गाड्यांत मात्र स्पर्श ओळखणारं स्टिअरिंग असतं, तिथे नुसती पकड पुरते.

काही गाड्यांत चालकाकडे पाहणारा कॅमेरा असतो, त्याचा इशारा निराळा. तो इन्फ्रारेड प्रकाशात डोळे आणि मान पाहतो, म्हणून अंधारातही चालतो. त्याला स्टिअरिंग हलवून उपयोग नाही, नजर समोर हवी. काही गॉगल हा प्रकाश अडवतात, मग उगाच इशारे येतात. गॉगल काढून बघा. पण थकवा आल्याचं सांगणारं कॉफीच्या कपाचं चित्र आलं, तर पुढच्या थांब्यावर उतराच.

इशाऱ्यांकडे दुर्लक्ष झालं तर बऱ्याच गाड्या असिस्ट सोडून देतात. लांब आवाजानंतर पडद्यावरचं हिरवं स्टिअरिंग विझलं, की लेन पूर्णपणे तुमच्या हातात आलेली असते.