लाईट फक्त लपकते पण मशीन बंद पडतं? पॅनलला यूपीएस कसा बसवायचा

जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात गेल्या मे महिन्यात बोलावलं होतं. वादळ सुटलं की ट्यूबलाईट नुसती लपकते, पंखा फिरतच राहतो, पण एक्स्ट्रूडर धाडकन बंद. मग बॅरलमधलं प्लास्टिक जळतं, ते साफ करून परत गरम करून माल लाईनवर यायला तासभर जातो. मालक म्हणे, "काय झालं रे भो, लाईट तर गेलीच नाही!"

लाईट खरंच गेली नव्हती. फीडरवर कुठंतरी तारेला फांदी लागली किंवा वीज पडली की तिकडचा ब्रेकर उडेपर्यंत आपल्याकडचं व्होल्टेज बसतं, बऱ्याचदा सेकंदाचा दहावा-पाचवा भागच. मोटरला एवढ्यात फार काही होत नाही, पण २३० व्होल्ट एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर साधारण निम्म्यावर व्होल्टेज आलं की एक-दोन सायकलमध्येच, म्हणजे २०-४० मिलिसेकंदात सुटतो, आणि एकदा सुटला की होल्डिंग तुटतं आणि मशीन बंद.

म्हणून यूपीएस आणायला पळायच्या आधी नेमकं काय पडतं ते बघा. बंद पडल्यावर डिस्प्ले परत पहिल्यापासून चालू होत असेल तर २४ व्होल्टचा एसएमपीएस पडतोय. डिस्प्ले तसाच चालू आणि नुसता कॉन्टॅक्टर सुटलाय तर कॉइल. ड्राइव्हवर अंडरव्होल्टेजचा फॉल्ट दिसला तर ड्राइव्हच ट्रिप झालाय आणि त्याला पॅनलचा यूपीएस काहीच करू शकत नाही. आमच्याकडे डिस्प्लेला धक्का नव्हता, ड्राइव्हच्या आधीचा मेन कॉन्टॅक्टर सुटत होता. एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा दम असतो, लोड कमी असला तर जास्तच, म्हणून तो तग धरत होता.

लोक अशा वेळी कॉम्प्युटरचा साधा यूपीएस आणून कॉइलला जोडतात. करू नका असं मी सांगतो, कारण स्वस्तातले बरेच यूपीएस बॅटरीवर गेले की चौकोनी वेव्ह देतात, कॉन्टॅक्टर घुमतो, कॉइल तापते, आणि बॅटरी पूर्ण संपून बंद झाला की काही मॉडेल लाईट आल्यावर आपोआप चालूच होत नाहीत, कुणीतरी जाऊन बटण दाबायचं. त्यापेक्षा कॉन्टॅक्टरची कॉइल बदलून २४ व्होल्ट डीसी करा (बहुतेक कॉन्टॅक्टरला नुसती कॉइल बदलता येते, जुन्यात नसेल होत तर कॉन्टॅक्टरच बदला) आणि सगळा कंट्रोल एका २४ व्होल्टच्या डीसी यूपीएसवर घ्या. तो एसएमपीएस आणि लोडच्या मधे बसतो.

आता साईज. डीसी क्लॅम्पमीटर लावून चालू मशीनवर मोजलं तर पीएलसी, डिस्प्ले, सेन्सर, नवीन कॉइल सगळं मिळून २.८ अँपिअर. बॅटरी चार्ज करायला ०.७ धरले तर ३.५, म्हणजे ५ अँपिअरचा एसएमपीएस आणि ५ अँपिअरचा यूपीएस पुरे. कॉइल ओढतानाचा झटका मात्र जास्त असू शकतो, डेटाशीटमध्ये बघून घ्या. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन, सिरीजमध्ये. ७ एएच हा आकडा २० तासांच्या हळू वापराचा असतो, २.८ अँपिअर ओढले की ७ भागिले २.८ म्हणजे अडीच तास नाही मिळत, नवीन असताना तास-दीड तास धरा. आम्हाला पीएलसी दहा-पंधरा मिनिटं चालू हवा होता, मग भरपूर झालं.

फक्त लाईट लपकण्यापुरतंच काम असेल आणि लाईट पूर्ण गेल्यावर पीएलसी बंद पडला तरी चालत असेल, तर बॅटरी घेऊच नका, कपॅसिटरचं बफर मॉड्यूल मिळतं ते घ्या. पूर्ण लोडवर सेकंदाचा काही भाग धरतं, कमी लोडवर त्याहून जास्त. आपल्या खानदेशातल्या गरमीत ते बॅटरीपेक्षा कितीतरी निवांत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथं लोक चुकतात. कॉइल बॅटरीवर गेली म्हणजे लाईट खरोखर गेली तरी कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो, आणि दहा मिनिटांनी लाईट आली की मशीन आपोआप सुरू होऊ शकतं, तेव्हा कुणाचा हात आत असेल तर? म्हणून इनकमरवर फेज मॉनिटरिंग रिले लावा, त्याच्या पुढे १ सेकंदाचा ऑफ डिले टायमर, आणि टायमरचा कॉन्टॅक्ट कॉइलच्या सर्किटमध्ये सिरीजमध्ये, अशा जागी की तो सुटला की होल्डिंगही सुटलं पाहिजे आणि परत चालू करायला स्टार्ट बटण दाबावंच लागलं पाहिजे. इमर्जन्सी स्टॉप त्याच कॉइलच्या तारेत, पीएलसीच्या भरवशावर नाही. सेकंदापेक्षा जास्त धरून फायदाही नाही, तोवर एक्स्ट्रूडरचा स्क्रू थांबलेलाच असतो. ड्राइव्हमध्ये फिरणाऱ्या वजनाची ऊर्जा वापरून डीसी बस धरायचं सेटिंग असतं, पण ते जड पंख्याला वगैरे कामाचं, घट्ट प्लास्टिक ढकलणाऱ्या स्क्रूत तेवढा दम नसतो. व्होल्टेज फारच खाली बसलं की ड्राइव्ह ट्रिप होणारच, ते मालकाला आधीच सांगून ठेवा.

टेस्ट दोन करा, मशीन रिकामं, जवळ कुणी नाही. आधी नुसता एसएमपीएसचा एमसीबी पाडा: डिस्प्ले चालू राहिला पाहिजे, कॉन्टॅक्टर ओढलेला राहिला पाहिजे. मग तो परत चालू करून मेन आयसोलेटर पाडा: सेकंदात कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे, आणि लाईट परत दिल्यावर गप्प बसला पाहिजे. दुसरी टेस्ट फेल झाली तर पॅनल ताब्यात देऊ नका.

बॅटरी मरते ती वापरून कमी, गरमीनं जास्त. सीलबंद लेड बॅटरीचं आयुष्य २५ डिग्रीवर धरलेलं असतं आणि दर १० डिग्रीला साधारण निम्मं होतं. म्हणजे ५ वर्षांची बॅटरी कायम ३५ वर ठेवली तर अडीच, ४५ वर सव्वा वर्ष. इकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास, पॅनलच्या आत ड्राइव्हची गरमी वेगळी. म्हणून बॅटरी पॅनलमध्ये वर ठेवूच नका (सगळी गरम हवा वर जाते), बाहेर सावलीच्या भिंतीला, जमिनीजवळ, हवा खेळेल अशा डब्यात ठेवा, बॅटरीजवळच फ्यूज लावा. चार्जिंग २५ डिग्रीला दोन्हींवर मिळून २७.३ व्होल्टच्या आसपास, पण गरमीत ते कमी व्हायला हवं, ४५ ला साधारण २६.६. यूपीएसला टेंपरेचर सेन्सर असेल तर तो बॅटरीला चिकटवा, पॅनलमध्ये लोंबकळत ठेवू नका.

आणि मीटर लावून १२.८ दिसलं म्हणून बॅटरी चांगली असं समजू नका, लोड नसताना मेलेलीही तेवढं दाखवते. मशीन उभं असताना पॅनलचा लोड चालू ठेवून एसएमपीएसचा एमसीबी पाडा, २० मिनिटं थांबा आणि दोन्ही बॅटरी वेगवेगळ्या मोजा. नवीन बसवली त्या दिवशीचे आकडे बॅटरीवरच मार्करनं लिहून ठेवा, तारखेसकट, मग दर फेब्रुवारीत उन्हाळ्याच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर ताडून बघा. दोघींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला, किंवा एखादीचं पोट फुगलं, तर दोन्ही सोबतच बदला. एक जुनी एक नवी जोडली की जुनी नवीलाही घेऊन बसते. दुकानातून आणताना पण मीटर लावा, १२.६ च्या खाली असेल तर ती गोडाऊनात पडून आहे, परत करा.

त्या चटईवाल्याकडे बॅटरी मी पॅनलच्या खाली लावली होती, त्यानं नंतर जागा साफ करताना उचलून चिलरच्या कंडेन्सरसमोर ठेवली, जिथं गरम हवेचा झोत येतो. फेब्रुवारीच्या टेस्टला एक १२.१ आणि दुसरी ११.३ दाखवत होती. दोन्ही बदलल्या आणि ह्यावेळी डबा भिंतीला बोल्टनं आवळला.