कॉल गाडीत वाजतो, पण मेसेज ऐकूच येत नाही? ड्रायव्हिंग मोडमधल्या या चुका टाळा

आलेले मेसेज मोठ्याने वाचून दाखवणारा ड्रायव्हिंग मोड चालू आहे, गाडीच्या स्क्रीनवर फोनचं नाव दिसतंय, कॉल आला तर तो स्पीकरवर व्यवस्थित ऐकू येतो. पण मेसेज आला की सगळं शांत. अशा वेळी बहुतेक जण फोन अनपेअर करून पुन्हा पेअर करतात आणि दोष तिथेच राहतो, कारण पेअरिंगमध्ये बिघाड नसतोच.

ब्लूटूथवरून फोन आणि गाडी यांच्यात आवाजाचे दोन वेगळे मार्ग असतात. कॉलसाठी एचएफपी, तर गाणी आणि इतर आवाजांसाठी एटूडीपी. मेसेज वाचणारा आवाज सहसा गाण्यांच्या मार्गाने जातो. कॉल आला की गाडीचा स्टिरिओ रेडिओ असो वा पेनड्राइव्ह, चालू असलेलं सगळं थांबवून कॉल वाजवतो. गाण्यांच्या मार्गाला मात्र तो हा मान देत नाही. स्टिरिओ एफएमवर असेल तर फोन मेसेज इमानदारीत वाचून गाडीकडे पाठवतो, आणि गाडी तो ऐकवतच नाही. फोनच्या दृष्टीने काम झालेलं असतं, म्हणून कुठे एररही दिसत नाही.

तपासणी गाडी उभी असताना करा. स्टिरिओवर ब्लूटूथ हा सोर्स निवडा आणि फोनवरून एखादं गाणं लावा. गाणं ऐकू आलं तर मार्ग मोकळा आहे. आता कुणाला तरी मेसेज पाठवायला सांगा. तोही वाचला गेला, तर चूक फक्त सोर्सची होती. गाणंच ऐकू आलं नाही, तर अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढच्या गिअरच्या चिन्हावर जा. तिथे Phone calls आणि Media audio असे दोन वेगळे स्विच असतात (काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी). गाडीत गाणी आपोआप सुरू होतात म्हणून वैतागून पुष्कळ जण दुसरा स्विच बंद करतात, आणि त्याबरोबर मेसेज वाचणारा आवाजही गाडीत येणं बंद होतं हे लक्षात येत नाही.

गाणं ऐकू येतं पण मेसेज नाही, असं झालं तर ब्लूटूथला हात लावू नका. दोष फोनच्या आत आहे. वाचणाऱ्या ॲपला नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी आहे का, ते आधी बघा. मग ‘डू नॉट डिस्टर्ब’ बघा. गाडी सुरू होताच तेही आपोआप लागू होत असेल, तर मोड एका हाताने मेसेज दाबतो आणि दुसऱ्या हाताने वाचायला जातो. आयफोनवर Driving फोकसमध्ये ज्यांचे मेसेज हवेत त्यांना परवानगीच्या यादीत घाला. बॅटरी सेव्हर ॲपला झोपवत असेल तर सुरुवातीला वाचन चालतं आणि थोड्या वेळाने बंद पडतं. तसं दिसलं की त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून वगळा.

मेसेज वाचला जातो पण फार हळू आवाजात, ही तक्रार वेगळी. गाडी कॉलचा आणि गाण्यांचा आवाज स्वतंत्र लक्षात ठेवते. त्यामुळे कॉल चालू असताना आवाज वाढवून उपयोग नाही, वाचन सुरू असतानाच वाढवायचा. पहिले एकदोन शब्द गिळले जात असतील, तर शांत पडलेला मार्ग जागा व्हायला क्षणभर लागतो एवढंच; मागे हळू आवाजात काही वाजत ठेवलं तर ते थांबतं.

आता उलट दुखणं: मेसेज गाडीत, पण कॉल कानाला. याचं सर्वांत साधं कारण म्हणजे कॉल फोनच्या स्क्रीनवरून उचलणं. अनेक फोन तेव्हा आवाज फोनमध्येच ठेवतात, म्हणून स्टिअरिंगवरचं बटण वापरा. आयफोनवर Accessibility, मग Touch, मग Call Audio Routing इथे Speaker निवडलेलं असेल तर ते Automatic करा. आणि बॅगेतले इअरबड्स तपासा. डबी नीट बंद नसेल तर ते जोडलेले राहतात आणि कॉल तिकडे पळवतात. कॉल स्क्रीनवरच्या ऑडिओ बटणावर टॅप केलं की आवाज नेमका कुठे जातोय, ते नावासकट दिसतं.

काही जुन्या स्टिरिओत फक्त कॉलचाच मार्ग असतो. तिथे Media audio हा स्विच दिसतच नाही. ॲपमध्ये आवाज कॉलच्या मार्गाने पाठवण्याची सोय असेल तरच मेसेज गाडीत ऐकू येईल. मग प्रत्येक मेसेजला गाडीच्या स्क्रीनवर कॉल आल्यासारखं दिसतं, रेडिओ तोडला जातो आणि आवाज टेलिफोनसारखा चपटा येतो. गंमत म्हणजे एफएम लावूनच गाडी चालवणाऱ्यांना, नवा स्टिरिओ असला तरी, हाच पर्याय सोयीचा पडतो.