नवे नाव निवडताना आणि घरी सांगताना या चुका टाळा

ट्रान्झिशनचा, म्हणजे पुरुष म्हणून न राहता स्त्री म्हणून जगण्याचा, निर्णय झाला की अनेकींना त्याच आठवड्यात नाव हवे असते, आणि नाव सुचले की दुसऱ्या दिवशी राजपत्राचा अर्ज भरायचा असतो. या घाईचा मला राग येतो, कारण ती मीही केली आहे. ‘ऋचा’ हे नाव मी वहीत शंभर वेळा लिहिले होते, पण त्या नावाने मला एकदाही कोणी हाक मारलेली नव्हती. राजपत्रात Rucha असे छापून आले. पुढे आधारच्या वेळी अर्ज भरणाऱ्याने ‘ऋ’चा हिंदी उच्चार धरून Richa असे टंकले आणि मी न वाचता सही केली. आधारवरचे नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. माझी दुसरी संधी एका अक्षराच्या दुरुस्तीत गेली.

म्हणून आता मी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते की, आधी तीन महिने ते नाव दोन मैत्रिणींच्या तोंडी राहू द्यावे. त्यांना रस्त्याच्या पलीकडून हाक मारायला लावावी, ‘ऋचाला सांग’, ‘ऋचाने आणले’ असे बोलायला लावावे आणि आपण न दचकता वळतो का, ते पाहावे. रोमन स्पेलिंग एका कागदावर लिहून तोच कागद प्रत्येक खिडकीवर पुढे करावा.

दुसरी चूक म्हणजे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घोषणा करणे. माझ्या एका मैत्रिणीने रात्री अकरा वाजता लांबलचक मजकूर टाकला. सकाळी मामांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले आणि आईने तिच्याशी आठ दिवस अबोला धरला. नावापेक्षा, चुलत जावेबरोबरच आपल्यालाही कळले, हे आईला लागले होते. आईला आधी, समोर बसून आणि एकटीला सांगावे. पहिल्याच दिवशी नव्या नावाचा हट्ट धरू नये, ‘अरे’ऐवजी ‘अगं’ मागावे. मराठीत क्रियापदही लिंग सांगते, त्यामुळे ‘ऋचा आला’ यापेक्षा नाव न घेता म्हटलेले ‘आलीस का गं?’ मला केव्हाही चालते. कोणी चुकले तर ‘आली’ एवढेच म्हणून बोलणे पुढे न्यावे. प्रत्येक वेळी व्याख्यान दिले की माणसे हाक मारणेच टाळू लागतात.

भाचीचे किंवा घरातल्या थोरल्या बाईचे नाव स्वतःसाठी निवडू नये. आजी त्या नावाने आपल्याला हाक मारणार नाही.

मधल्या नावाचे काय, हे वडिलांना सांगण्यापूर्वी ठरवावे. माझ्या वडिलांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता, आणि त्यांचे नाव तसेच राहणार आहे, हे कळल्यावरच त्यांनी माझे नवे नाव काय, ते विचारले.