नाटकाचं भाषांतर: वाक्याची शेपटी सांभाळा

इंग्रजी नाटकाचं भाषांतर घरी वाचताना झकास वाटतं आणि तालमीत तिसऱ्याच पानावर अडकतं. तेव्हा आपण शब्द बदलत बसतो. दोष मात्र बरेचदा शब्दांत नसून क्रमात असतो. इंग्रजीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या सुरुवातीलाच कळतात, मराठीत दोन्ही शेवटी येतात. आणि नाटकात एन्ट्री, विराम, दुसऱ्याने मध्येच तोडणं हे सगळं वाक्याच्या त्या शेपटीलाच बांधलेलं असतं.

माझंच उदाहरण देतो. बहीण भावाची समजूत घालते आहे. मूळ वाक्य, "आय डिडन्ट सेल द हाऊस टू —" आणि तेवढ्यात दार उघडून तीच व्यक्ती आत येते, जिला घर विकल्याचा भावाला संशय आहे. मी लिहिलं होतं, "मी ते घर त्या माणसाला विकलं —". व्याकरण बरोबर, डॅशही जागेवर. पण "नाही" यायच्या आत वाक्य तुटलं, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो चक्क कबुलीजबाब वाटला. नटीला ते खटकलं म्हणून तिने एन्ट्री झाल्यावर "नाही" जोडून टाकलं, आणि आत आलेला नट दारात ताटकळला. शिवाय "माणसाला" हा शब्द माझ्या पदरचा. मूळ लेखकाने "टू"च्या पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, मी मात्र येणारा पुरुष आहे हे आधीच फोडलं.

दुरुस्ती अशी झाली: "विकलं नाही मी ते घर, त्या —". बोलताना आपण क्रियापद असं पुढे घेतोच, तेव्हा ते कृत्रिम वाटत नाही. नकार आधी ऐकू येतो आणि "त्या" पुढे पुरुषही येऊ शकतो, बाईही. डॅशच्या पुढचे दोन-तीन शब्द नटाच्या प्रतीत पेन्सिलीने लिहून ठेवावेत. नाहीतर कोणी तोडायच्या आतच नट आपणहून थांबतो आणि मध्ये पोकळी पडते. डॅशच्या जागी तीन टिंबं टाकू नका. बहुतेक संहितांत डॅश म्हणजे दुसऱ्याने तोडलं आणि टिंबं म्हणजे बोलणारा स्वतःच विरला.

लिंगाची भानगड इतरत्रही छळते. इंग्रजीत "माय फ्रेंड केम" म्हटल्यावर मित्र की मैत्रीण ते कळत नाही, मराठीत "आला" किंवा "आली" म्हणावंच लागतं. एन्ट्रीपर्यंत ते लपवायचं असेल तर "कोणीतरी येतंय", "कोण आलंय?" ही नपुंसकलिंगी रूपं वापरा. किंवा "वकील येणार आहेत" असं आदरार्थी अनेकवचन घ्या, पण ते पात्र खरंच आदराने बोलणारं असेल तरच.

विरामाचंही तसंच. मूळ वाक्य असं: मला तुला सांगायचं होतं (विराम) की मी चाललोय. भाषांतरकार त्याचं गुळगुळीत मराठी करतो, "मी चाललोय हे तुला सांगायचं होतं", आणि विराम शेवटी नेऊन ठेवतो. बातमी आधीच सांडली, आता नट कशासाठी थांबणार? इथे "की"ने जोडलेलं वाक्यच बरं. कंसात "थांबतो" लिहिणंही टाळा. चालता चालता थांबतो की बोलता बोलता, हे नटाला कळत नाही. बोलण्यातल्या खंडाला "विराम" लिहा. मूळ लेखकाने विराम आणि शांतता असे दोन शब्द वेगळे वापरले असतील, तर मराठीतही दोनच ठेवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

दिशांच्या बाबतीत एवढंच: स्टेज राईट म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी बाजू. नुसतं "उजवीकडून" लिहिलं की नेपथ्यवाला प्रेक्षकांची उजवी धरतो आणि दार भलत्या विंगेत जातं. अपस्टेज म्हणजे मागच्या पडद्याकडे, "वर" नव्हे.

तालमीआधी एक चाचणी मी नेहमी करतो. प्रत्येक संवादाचे फक्त शेवटचे तीन शब्द वेगळ्या कागदावर उतरवतो, कारण पुढच्या नटाचा क्यू तेवढाच असतो. एका पानावर चार वाक्यं "केलं आहे का"ने संपत असतील, तर कोणीतरी हमखास अर्धं पान गाळून पुढे उडी मारतो. अशा वाक्यांपैकी निदान दोनांचा शेवट बदलतो: "केलंस ना तू?", "झालं का काम?". मग तोच कागद दुसऱ्याला देऊन मोठ्याने वाचायला लावतो. आधीचं वाक्य न दाखवता पुढच्या नटाला आपली ओळ पकडता आली, की ते पान तालमीला जातं.