खतावण्यांना वाळवी: वह्या नव्हे, वाट शोधावी लागली

कारकुनी संपली, तरी जुन्या खतावण्या मी भिंतीतल्या कपाटात जपल्या होत्या. बाहेरून पुठ्ठे शाबूत, आत पानांची चाळण आणि ओलसर माती. डांबरगोळ्या ठेवल्या, रॉकेल फासलं, वह्यांना ऊन दिलं. वाळवी पुन्हा हजर. जीव अगदी मेटाकुटीला आला.

नात म्हणाली, "आजोबा, वह्यांतली मारून काय उपयोग? तिचं घर जमिनीत. येते कुठून ते बघू." कपाट रिकामं करून तिनं बॅटरी मारली. मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी फटीतून वर चढली होती. तिनं मधला बोटभर तुकडाच खरवडला. काही दिवसांत तो ताज्या मातीनं बुजला, म्हणजे वाट चालू होती.

मग आधी भिंतीपलीकडच्या नळाची गळती थांबवली, कारण वाळवीला ओल लागतेच. नंतर कीडनियंत्रणवाल्यानं भिंतीलगत भोकं पाडून जमिनीत औषध सोडलं. फट त्यानंतरच सिमेंटनं भरली. नुसती फट भरली तर ती शेजारून वाट काढते. कागदावर फवारा नातीनं मारू दिला नाही, शाई पसरते म्हणून. वह्या पान-पान उलगडून मऊ ब्रशनं झाडल्या, पंख्याखाली सावलीत सुकवल्या. वारुळापासून तुटलेली वाळवी कोरड्यात फार तगत नाही.

आता खतावण्या लोखंडी मांडणीवर, भिंतीपासून वीतभर दूर आहेत. नळी पुन्हा खरवडली, ती जागा अजून उघडीच आहे. पावसाळ्यात मात्र दर आठवड्याला बघतो.