ओळख एकच, सुरुवात वेगळी

समजा, तुम्ही कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटी बघता आणि कास्टिंगचं रिजेक्शन ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणलंय. स्वतःची ओळख करून देताना गाभा हाच ठेवा, समोर कोण आहे ते बघून सुरुवात बदला. मुलाखतीत ‘आम्ही’ टाळून स्वतः काय केलंत ते सांगा: "साच्याच्या वाळूतला ओलावा दर तासाला तपासायला लावला, ब्लोहोल कमी झाले." पुढचा प्रश्न हमखास त्यावरच येतो, म्हणून ८ चे ५ कसे मोजले, हे तोंडपाठ हवं. कॉलेजच्या पोरांसमोर हुद्दा राहू दे, ब्लोहोलची भोकं पडलेलं कास्टिंगच हातात द्या आणि "ही कशानं पडली असतील?" असं विचारा. मोठ्या साहेबांना मात्र वाळूत रस नसतो. तिथं दोन वाक्यं पुरे: महिन्याला किती पैसे वाचले आणि पुढं त्यांच्याकडून काय हवंय. गाव-शिक्षण त्यांनी विचारलं तरच.